रेषा वक्राला छेदते तिथे समतोल का नसतो?

प्रश्न: मॅडम, मी एफवायबीएला आहे. पुस्तकात सरळ लिहिलंय की अंदाजपत्रक रेषा समवृत्ती वक्राला स्पर्श करते तिथे उपभोक्त्याचा समतोल. पण तीच रेषा खालच्या वक्राला दोन ठिकाणी छेदते. तिथेही सगळे पैसे खर्च झालेलेच असतात ना? मग तिथे समतोल का नाही? आणि नेमका एखादा वक्र रेषेला टेकेलच हे कशावरून? एकही टेकला नाही तर? उत्तर पाठ आहे, पण कळलेलं नाही.

उत्तर:

तुझ्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करते, कारण खरी गाठ तिथेच बसलीय. पुस्तकातल्या आकृतीत तीन वक्र असतात आणि त्यातला मधला रेषेला अलगद टेकलेला असतो. ते पाहून मुलांना वाटतं की वक्र तीनच आहेत आणि त्यातला एक नशिबाने रेषेला लागला. यात आमचीही चूक आहे. फळ्यावर मी आधी तीन वक्र काढते, मग पट्टी सरकवत सरकवत मधल्याला टेकेल अशी रेषा ओढते. पाहणाऱ्याला साहजिकच वाटतं की रेषा वक्राच्या सोयीने आली.

घडतं त्याच्या उलट. रेषा आधी ठरलेली असते, कारण खिशातले पैसे आणि दुकानातले भाव आपल्या हातात नसतात. वक्र तीन नसतात, तेरा नसतात, ते मोजताच येत नाहीत. आलेखाच्या कागदावर पेन्सिलीचं टोक कुठेही टेकव, त्या बिंदूतून एक समवृत्ती वक्र जातोच, कारण त्या बिंदूइतकंच समाधान देणारे दोन वस्तूंचे दुसरे गठ्ठेही असतात आणि ते सगळे जोडले की वक्र तयार होतो. आपण त्यातले तीन काढतो ते फक्त कागद काळा होऊ नये म्हणून.

तू ट्रेकला जात असशील तर सह्याद्रीचा समोच्च रेषांचा नकाशा पाहिला असशील. सर्वे ऑफ इंडियाच्या नेहमीच्या नकाशावर दर २० मीटरला एक रेषा असते. म्हणून काय डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा असतो? ५०० आणि ५२० च्या मध्ये ५०७ मीटरची उंचीही असते, तिची रेषा काढलेली नसते इतकंच. आता समज, डोंगराच्या उतारावरून तिरकं, सरळ तारेचं कुंपण गेलंय. तुला कुंपणालगतच चालायचंय, ओलांडायचं नाही. चालताना समोच्च रेषा छेदली की त्याचा अर्थ एकच: तू चढतोयस किंवा उतरतोयस. कुंपणालगतच्या वाटेवरची सर्वांत उंच जागा कोणती? जिथे चढण संपलीय आणि उतार अजून लागलेला नाही. त्या जागेतून जाणारी समोच्च रेषा वाटेला छेदूच शकत नाही, ती वाटेला नुसती लागून जाते. छेदत असती तर अजून चढण बाकी राहिली असती. डोंगरमाथा तिकडे कुंपणापलीकडे असेल, पण तो आपल्याला मिळणारा नाही.

कुंपण म्हणजे अंदाजपत्रक रेषा, समोच्च रेषा म्हणजे समवृत्ती वक्र. त्यामुळे ‘नेमका एखादा वक्र टेकेलच कशावरून’ हा प्रश्न उलटा करून बघ. वाटेवर सर्वांत उंच जागा कुठेतरी असणारच. ती वाटेच्या मध्ये कुठे असली, आणि वक्र गुळगुळीत असले, तर तिथला वक्र टेकलेलाच असतो. ‘मध्ये’ आणि ‘गुळगुळीत’ या दोन शब्दांकडे शेवटी येते.

आता आकडे घेऊ. वसतिगृहातला एक बंड्या घे. आठवड्याला वरखर्चाला २०० रुपये, आणि तो दोनच गोष्टींवर उडवतो: वडापाव २० रुपयांना, चहा १० रुपयांना. आडव्या अक्षावर वडापाव, उभ्या अक्षावर चहा. सगळे पैसे वडापाववर घातले तर १०, सगळे चहावर घातले तर २०. हे दोन बिंदू जोडले की रेषा झाली. तिचा उतार २, म्हणजे एक वडापाव हवा असेल तर दोन चहा सोडावे लागतात. हा बाजाराचा भाव झाला, यात बंड्याला काय आवडतं याचा काही संबंध नाही.

त्याची आवड मोजायला आपण सोपा नियम धरू: वडापावची संख्या गुणिले चहाची संख्या. गुणाकार जितका मोठा तितका गठ्ठा त्याला जास्त पसंत, गुणाकार सारखा असेल तर दोन्ही गठ्ठे त्याला सारखेच. उदाहरणार्थ ज्यांचा गुणाकार ३२ येतो ते सगळे गठ्ठे एका वक्रावर: २ वडापाव आणि १६ चहा, ४ आणि ८, ८ आणि ४.

समज, बंड्या आत्ता २ वडापाव आणि १६ चहा घेतोय. खर्च ४० अधिक १६०, बरोबर २००. एक पैसाही उरत नाही. तुझा प्रश्न हाच होता: पैसे तर सगळे संपलेत, मग बिघडलं कुठे? त्याला रेषेवरून एक पाऊल टाकायला सांग. दोन चहा कमी, एक वडापाव जास्त: ३ आणि १४, गुणाकार ४२. खर्च तेवढाच, गठ्ठा मात्र वरच्या वक्रावर गेला. आणखी एक पाऊल, ४ आणि १२: ४८. आणखी एक, ५ आणि १०: ५०. आणखी एक, ६ आणि ८: पुन्हा ४८. मग ७ आणि ६ ला ४२, आणि ८ आणि ४ ला परत ३२.

३२, ४२, ४८, ५०, ४८, ४२, ३२. ही कुंपणालगतची चाल. सुरुवात आणि शेवट एकाच वक्रावर झाले हेही बघ. २ आणि १६, तसंच ८ आणि ४, हे दोन्ही बिंदू ३२ च्याच वक्रावर आहेत आणि दोन्ही २०० रुपयांच्या रेषेवरही आहेत. तुझ्या प्रश्नातले दोन छेदनबिंदू ते हेच. एका ठिकाणी रेषा वक्राच्या वर चढते आणि दुसऱ्या ठिकाणी पुन्हा खाली उतरते, म्हणून ते जोडीने येतात. या दोहोंच्या मध्ये रेषा वक्राच्या वर असते. किती वर, तेही मोजता येतं. ५ वडापावपाशी ३२ चा वक्र ६.४ चहांवर आहे, रेषा १० चहांवर. (६.४ चहा कसे पितात असं वर्गात कुणीतरी विचारतंच. आठवड्यांची सरासरी समज. शिवाय अर्धा चहा तरी मिळतोच, कटिंग म्हणतात त्याला.) म्हणजे ५ वडापाव घेणाऱ्याला छेदनबिंदूइतकंच समाधान ६.४ चहांत मिळतं, आणि त्याच्या पैशात १० चहा येतात. छेदनबिंदूवर बसून राहणारा माणूस ही मधली जागा वाया घालवतोय.

वाया म्हणजे रुपयांत किती? ३२ च्या वक्रावरचा ४ वडापाव आणि ८ चहांचा गठ्ठा घे. खर्च ८० अधिक ८०, एकूण १६०. बंड्या २ आणि १६ वर असताना २०० रुपये देऊन जे समाधान घेत होता ते १६० रुपयांत मिळत होतं. पैसे पूर्ण खर्च होणं आणि पैसे नीट खर्च होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छेदनबिंदूवर पहिली अट पाळलेली असते, दुसरी नाही. आणि हा ४-८ चा गठ्ठाही स्पर्शबिंदूच आहे, १६० रुपयांच्या समांतर रेषेचा. ठरलेल्या पैशात जास्तीत जास्त समाधान शोध किंवा ठरलेलं समाधान कमीत कमी पैशात शोध, दोन्ही वेळा उत्तर रेषा आणि वक्र एकमेकांना टेकतात तिथेच सापडतं.

आता उताराची भाषा. परीक्षेत सगळे लिहितात, MRSxy = Px/Py, आणि पुढे ‘म्हणून समतोल’. हे ‘म्हणून’ बहुतेक उत्तरपत्रिकांत हवेत लटकत असतं. मी त्याला दोन भाव म्हणते. वक्राचा उतार, म्हणजे सीमांत पर्यायता दर किंवा MRS, हा मनातला भाव: समाधान जराही न घटता बंड्या एका वडापावसाठी किती चहा सोडायला राजी आहे. रेषेचा उतार, म्हणजे Px/Py, हा बाजारातला भाव: त्याला किती चहा सोडावे लागतात.

२ आणि १६ वर उभं राहून बघ. तिथून ३२ च्याच वक्रावर राहून तिसरा वडापाव घ्यायचा तर ३२ भागिले ३, म्हणजे साधारण १०.७ चहा पुरेत. १६ वरून १०.७ वर, म्हणजे तिसऱ्या वडापावसाठी तो ५.३ चहा सोडायला तयार आहे. बाजार मागतोय फक्त २. पाचला राजी असलेल्याला वस्तू दोनला मिळत असेल तर तो घेणारच. आता ८ आणि ४ वर ये. इथे आठवा वडापाव परत केला तर समाधान राखायला ३२ भागिले ७, म्हणजे सुमारे ४.६ चहा लागतील. एका वडापावच्या बदल्यात त्याला जेमतेम ०.६ चहा पुरतो आणि बाजार देतोय २. तो वडापाव सोडणारच. दोन्हीकडून ओढ मध्येच येते आणि मनातला भाव बाजारभावाला मिळतो तिथे ती थांबते. ५ आणि १० वर मनातला भाव १० भागिले ५, म्हणजे २. बाजारभावही २. अदलाबदलीत आता काही सुटत नाही.

एक बारीक गोष्ट. मी वर आख्ख्या एका वडापावच्या उड्या मारल्या म्हणून ५.३ आणि ०.६ आले. उडी लहान लहान करत गेलास तर २ आणि १६ या बिंदूवरचा नेमका उतार ८ येतो आणि ८ आणि ४ वरचा अर्धा. आपल्या गुणाकाराच्या नियमात चहाला वडापावने भागलं की उतार मिळतो. ८ वरून २ वर आणि २ वरून अर्ध्यावर, असा उतार घटत जातो. घटता सीमांत पर्यायता दर म्हणतात तो हा, आणि वक्र आरंभबिंदूकडे बहिर्गोल असतो त्याचं कारणही हेच. वडापाव दोनच असताना तिसऱ्याची किंमत मनात मोठी असते, आठ झाल्यावर नवव्याकडे बघवत नाही.

५० आणि ३२ या आकड्यांवर फार जीव लावू नकोस. बंड्याला ५० ‘युटिल’ मिळाले असं मी म्हणत नाही. सगळ्या आकड्यांचा वर्ग केला तर ३२ चे १०२४ होतील आणि ५० चे २५००, पण क्रम तोच राहील, वक्र तेच राहतील आणि स्पर्शबिंदूही ५ आणि १० वरच राहील. मार्शलच्या पद्धतीत समाधान मोजता येतं असं धरावं लागतं. समवृत्ती वक्र पहिल्यांदा एजवर्थने १८८१ मध्ये मांडले, पुढे पॅरेटोने मोजणी बाजूला ठेवून फक्त पसंतीचा क्रम घेतला, आणि १९३४ मध्ये हिक्स आणि अॅलन यांनी सीमांत पर्यायता दरावर सगळी मांडणी उभी केली. तुझ्या पुस्तकातली आकृती त्याच घराण्यातली. मार्शलचा समसीमांत उपयोगितेचा नियमही इथे खोटा पडत नाही. ५ आणि १० वर वडापावची सीमांत उपयोगिता १०, भागिले २० रुपये; चहाची ५, भागिले १० रुपये; दोन्हीकडे अर्धा. वर्ग केलेले आकडे घेतले तर हे अर्धे-अर्धे बदलतील, पण दोन्ही बाजू एकमेकींना सारख्याच राहतील. दोघांचं उत्तर एकच, फक्त हिक्सला त्यासाठी समाधान तोलायचा काटा लागत नाही.

उत्तरपत्रिका तपासताना मी आकृतीत एकच गोष्ट आधी बघते. विद्यार्थ्याने स्पर्शबिंदू दाखवलाय, पण तोच वक्र थोडा पुढे जाऊन रेषेच्या आत शिरतो का? हाताने काढलेल्या निम्म्या आकृत्यांत शिरतो. नाव स्पर्शबिंदूचं आणि प्रत्यक्षात छेद. तसं असेल तर वक्र आत शिरलेल्या भागात रेषेवर एक ठिपका दे आणि त्यातून जाणारा वक्र मनात काढ, तो तू समतोलाचा म्हणून दाखवलेल्या वक्राच्या वरच जाईल. आकृती स्वतःच आपल्या विरुद्ध साक्ष देते. यावर उपाय साधा आहे: रेषा आधी काढ, तिच्यावर ठिपका दे, आणि मग वक्र रेषेच्या वरच्या बाजूने उतरत येऊन त्या ठिपक्याला टेकून, उतरतच पुन्हा रेषेपासून वर दूर होत गेलेला काढ. दुसरी नेहमीची चूक म्हणजे दोन वक्र एकमेकांना छेदणारे काढणं. एकाच जागेची उंची ५०० आणि ५२० दोन्ही कशी असेल?

आता ते दोन राखून ठेवलेले शब्द. ‘टेकणं म्हणजे समतोल’ हे वाक्य नेहमी खरं नसतं, आणि पहिल्या वर्षाला हे कुणी फारसं सांगत नाही याची मला खंत आहे.

आधी गुळगुळीतपणा. डाव्या आणि उजव्या पायातली चप्पल घे. डाव्या पाच आणि उजव्या सात असल्या तरी जोड पाचच. वक्र काटकोनाचा होतो. रेषा त्या कोपऱ्याला टेकते, समतोलही तिथेच असतो, पण कोपऱ्याला एक असा उतारच नसतो. तिथे MRSxy = Px/Py लिहिलं तर ते निरर्थक आहे, उत्तर जरी बरोबर आलं तरी.

मग वक्राचा आकार. समज, बंड्याची आवड उलटी आहे: मिसळलेलं त्याला आवडत नाही, एकाच गोष्टीचा ढीग आवडतो. त्याचा नियम गुणाकाराऐवजी दोन्ही संख्यांच्या वर्गांची बेरीज असा धर. आता वक्र बाहेरच्या बाजूला फुगलेले, आरंभबिंदूकडे अंतर्गोल. रेषा त्यातल्या एकाला टेकते ती ८ आणि ४ वर, दोन्ही उतार बरोबर २. बेरीज ६४ अधिक १६, म्हणजे ८०. एक पाऊल अलीकडे, ७ आणि ६: ८५. एक पाऊल पलीकडे, ९ आणि २: तेही ८५. स्पर्शबिंदू इथे रेषेवरची सर्वांत वाईट जागा निघाली! नुसते वीस चहा घेतले तर ४०० येतात. उतार सारखे असणं ही एक अट झाली, वक्र बहिर्गोल असणं ही दुसरी. पाठ्यपुस्तकं ‘समतोलाच्या अटी’ म्हणून दोन मुद्दे देतात आणि मुलं दुसरा गाळतात, तो हा. कुंपणाच्या भाषेत बोलायचं तर दरीच्या तळाशीही चढ-उतार शून्यच असतो.

राहिला ‘मध्ये’ हा शब्द. बंड्याचा एक मित्र घे, ज्याच्या मनातला भाव कायम ३ आहे. वडापाव कितीही खाल्ले तरी पुढच्या वडापावसाठी तो तीन चहा सोडायला तयार. त्याचे समवृत्ती वक्र सरळ रेषा होतात, आणि अंदाजपत्रक रेषेपेक्षा जास्त उभ्या. बाजार दोनच मागतोय, म्हणून तो अदलाबदल करत सुटतो आणि १० वडापाव, शून्य चहा इथे येऊन थांबतो. तिथे त्याच्या मनातला भाव ३ आणि बाजारभाव २, दोन्ही मिळालेले नाहीत, वक्र रेषेला छेदतोय, आणि तरीही तो समतोल आहे. तुझा मूळ प्रश्न होता की छेदनबिंदूवर समतोल का नाही. अक्षावरच्या टोकाला तो असू शकतो, कारण आणखी एका वडापावसाठी तीन चहा द्यायची त्याची तयारी अजूनही आहे, फक्त द्यायला चहाच उरलेला नाही.